फाटकाबाहेर, फाटकाआत: फोनने मोजलेला रस्त्याचा आवाज

[दृश्य: गजबजलेला रस्ता, रुग्णालयाचं फाटक. त्यावर फलक: 'शांतता क्षेत्र, हॉर्न वाजवू नका'. समोर तिपाईवर लावलेला फोन.]

सकाळचे साडेदहा. पडद्यावरचा आकडा 68 वर आहे, बस गेली की 74, रिक्षाचा हॉर्न वाजला की थेट 90. वहीत मात्र यातला एकही आकडा लिहायचा नाही. लिहायचा तो LAeq, म्हणजे मोजणीच्या सगळ्या वेळेत आलेल्या ध्वनिऊर्जेची सरासरी. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतल्या मर्यादाही याच मापात आहेत: शांतता क्षेत्रात दिवसा 50 डेसिबल, रात्री 40. रात्र धरायची ती दहा ते सकाळी सहा.

[दृश्य: खोलीत पंख्यासमोर ठेवलेला फोन.]

रस्त्यावर जाण्याआधी फोन तपासून घ्यावा लागतो. फोनचा माईक बोलणं टिपण्यासाठी बनवलेला असतो आणि सतत येणारा आवाज 'गोंगाट' समजून दाबणं ही अनेक फोनची सवय असते. पंखा एकाच वेगावर ठेवा आणि एक मिनिट आकडा पाहा. पंखा तसाच फिरत असताना आकडा आपोआप खाली सरकू लागला, तर त्या अॅपमध्ये फोनची आवाजकपात चालू आहे. असं अॅप वाहतुकीसाठी निरुपयोगी. अँड्रॉइडवर NoiseCapture आणि आयफोनवर NIOSH SLM ही खास मोजणीसाठी बनवलेली, मोफत अॅप आहेत.

दुसरी तपासणी रात्री करायची. फोन गोधडीत गुंडाळून बंद कपाटात ठेवा. तिथे जो आकडा दिसेल तो फोनचा तळ. तो 35 असेल, तर 40 च्या आसपासच्या नोंदीत फोनच्या स्वतःच्या खरखरीचा वाटा असतो. शांत जागेची नोंद फसते ती बहुतेक इथेच.

[दृश्य: तिपाई लावताना हात. माईकच्या छिद्रावरून फोनचं कव्हर काढलं जातं.]

फोन जमिनीपासून सव्वा ते दीड मीटर उंचीवर ठेवा, माईक रस्त्याकडे करा आणि स्वतः दोन पावलं मागे सरका. मागची भिंत साडेतीन मीटर तरी लांब हवी, कारण भिंतीवरून परतलेला आवाज नोंदीत दोन-तीन डेसिबलची भर घालतो. वारा छिद्रावर आदळून जी घरघर होते, तीही अॅप आवाज म्हणूनच मोजतं. पानं जोरात सळसळत असतील तर त्या दिवशी मोजणी नको.

प्रत्येक जागी सलग दहा मिनिटं, आणि वेळा ठरलेल्या: सकाळी सात, साडेदहा, दुपारी अडीच, संध्याकाळी साडेसहा, रात्री अकरा. दुसऱ्या आठवड्यात त्याच वारी, त्याच फरशीवर.

[दृश्य: वहीत चाललेली आकडेमोड.]

आता तो हॉर्न. 90 डेसिबलमध्ये 68 च्या जवळपास 158 पट ऊर्जा असते. म्हणजे पाच सेकंदांचा एक हॉर्न तेरा मिनिटांच्या साध्या वाहतुकीएवढा! एका मिनिटातली पंचावन्न सेकंदं 68 आणि पाच सेकंदं 90 असतील, तर त्या मिनिटाचा LAeq 79.5 येतो. साधी सरासरी काढली असती तर 70 च्या खाली आला असता. म्हणून डेसिबलची बेरीज-भागाकार करून सरासरी काढू नये.

[दृश्य: फाटकातून आत जाणारी वाट, मागचं आवार.]

परवानगी घेऊन आत जाऊ. अखंड वाहणाऱ्या रस्त्याचा आवाज मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की साधारण तीन डेसिबलने उतरतो. समजा रस्त्यापासून सहा मीटरवर 72 आहे. मग बारा मीटरवर 69, चोवीसवर 66, अठ्ठेचाळीसवर 63. अंतर आठपट झालं, तरी 50 ची मर्यादा तेरा डेसिबल खाली राहते. नुसत्या अंतराने शांतता मिळत नाही. ती मिळते इमारत आड आल्यावर, म्हणून मागच्या आवारातही एक नोंद घ्यायचीच. जवळ जनरेटर किंवा एसीचं बाहेरचं युनिट चालू असेल तर तेही लिहा, नाहीतर त्याचाच आवाज रस्त्याच्या नावावर जमा होतो.

[दृश्य: रात्रीचे अकरा. रिकामा रस्ता, लांबून येणारी मोटारसायकल.]

वाहनं निम्मी झाली आणि वेग तोच राहिला, तर LAeq फक्त तीन डेसिबलने उतरतो. रस्ता मोकळा झाला की वेग वाढतो आणि तेवढीही घट उरत नाही. यासाठी LA90 बघा: दहापैकी नऊ मिनिटं आवाज ज्याच्या वर राहिला, तो हा आकडा. रात्री तो बराच खाली येतो, आणि LAeq वरच अडकलेला असतो. वॉर्डात झोप मोडते ती या दोघांमधल्या फटीत, एखाद्या ट्रकने किंवा एका हॉर्नने.

एकाच फोनची चूक बाहेर आणि आत सहसा सारखीच असते, त्यामुळे दोन जागांमधला फरक बऱ्यापैकी भरवशाचा ठरतो. 50 किंवा 40 या मर्यादेशी तुलना करायची असेल, तर आधी वर्ग 2 च्या तपासलेल्या ध्वनिमापकाशेजारी फोन दहा मिनिटं ठेवा आणि जो फरक येईल तो प्रत्येक नोंदीत वळता करा.