फ्लॅट ट्रान्सफरला सोसायटीने २५ हजारांच्या वर पैसे घेतले? हिशोब मागा, परतावा मागा

नमस्कार मंडळी. रीसेलचा फ्लॅट घेताना सगळा व्यवहार सुरळीत होतो. खरेदीखत होतं, मुद्रांक शुल्क भरलं जातं, बँकेचं कर्ज मंजूर होतं. आणि मग सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, "आमच्याकडे ट्रान्सफरला एक लाख दहा हजार पडतात. चेक द्या, म्हणजे शेअर सर्टिफिकेटवर नाव चढवून देतो." ताबा घ्यायचा असतो, मुलांच्या शाळा सुरू व्हायच्या असतात, म्हणून माणूस चेक देऊन टाकतो. आजचा व्हिडिओ याच पैशांबद्दल आहे. चेक देऊन झालाय, तो परत कसा मागायचा?

आधी कायदा काय म्हणतो ते बघू. महाराष्ट्रात सहकारी गृहनिर्माण संस्थेतली सदनिका हस्तांतरित होताना संस्था प्रीमियम घेऊ शकते. पण त्याला कमाल मर्यादा आहे. सहकार कायद्याच्या ७९ अ कलमाखाली शासनाने ९ ऑगस्ट २००१ रोजी तसा आदेश काढला. महानगरपालिकेच्या हद्दीत जास्तीत जास्त २५,००० रुपये. 'अ' वर्ग नगरपालिकेत २०,०००, 'ब' वर्गात १५,०००, 'क' वर्गात १०,००० आणि ग्रामपंचायतीच्या हद्दीत ५,०००. फ्लॅट दोन कोटींचा असो की वीस लाखांचा, यात फरक पडत नाही. आणि हे आकडे कमाल आहेत. सर्वसाधारण सभेने याहून कमी दर ठरवला असेल, तर तुमच्याकडून तेवढाच घेता येतो.

याच आदेशात पुढे एक वाक्य आहे, आणि माझ्या मते आपल्या विषयाचा जीव त्याच वाक्यात आहे. प्रीमियमच्या वर देणगी म्हणून, कुठल्या निधीला वर्गणी म्हणून किंवा आणखी कुठल्या कारणाने फ्लॅट विकणाऱ्याकडून किंवा घेणाऱ्याकडून जादा रक्कम घ्यायची नाही, असं ते म्हणतं. आदेश लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं की मर्यादा घातली की पैसे दुसऱ्या नावाने येणार. आणि झालंही तसंच. आज पावतीवर प्रीमियम बरोबर २५,००० असतो आणि बाकीची रक्कम 'विकास निधी', 'स्वेच्छा देणगी', 'एनओसी चार्ज' अशा नावांखाली बसवलेली असते.

एक उदाहरण घेऊन शेवटपर्यंत जाऊ. समजा, पुणे महापालिकेच्या हद्दीतला फ्लॅट आहे. एका ताईंनी तो विकत घेतला आणि सोसायटीला त्यांच्या खात्यातून १,१०,६०० रुपये गेले. पावतीत फोड अशी आहे: प्रीमियम २५,०००, हस्तांतरण शुल्क ५००, प्रवेश शुल्क १००, इमारत विकास निधीला स्वेच्छा देणगी ७५,००० आणि एनओसीचे १०,०००.

यातलं काय रास्त आहे? आदर्श उपविधीत, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांत, हस्तांतरण शुल्क ५०० आणि प्रवेश शुल्क १०० रुपये आहे, त्यामुळे ते सहाशे आणि प्रीमियमचे २५,००० यांच्यावर वाद घालू नका. एनओसीचे १०,००० मात्र टिकत नाहीत. सदनिका हस्तांतरित करायला संस्थेच्या ना हरकत प्रमाणपत्राची गरजच नाही, असं आदर्श उपविधी ३८ सांगतो. आणि २००१ च्या आदेशातले 'आणखी कुठल्या कारणाने' हे शब्द तर आहेतच. राहिली देणगी, ७५,०००. म्हणजे मागायचा परतावा ८५,००० रुपये. मागणी अशी नेमकी ठेवा. 'माझे सगळे पैसे परत द्या' असं लिहिलंत, तर कमिटी रास्त २५,६०० वरच वाद घालत बसेल.

आता देणगीवर कमिटीचं उत्तर ठरलेलं असतं: "तुम्ही स्वखुशीने दिली, अर्जावर सही आहे." इथे पुष्कळ लोक गप्प बसतात. पण अर्जावर काय छापलंय यापेक्षा पैसे कधी आणि कशाच्या बदल्यात घेतले, याला महत्त्व आहे. २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटीच्या प्रकरणात हाच मुद्दा आला होता आणि हस्तांतरणाच्या वेळी घेतलेल्या रकमेला देणगी म्हटल्याने ती स्वेच्छेची होते, हे न्यायालयाने मानलं नाही. तेव्हा तुम्ही तारखा जुळवा. मागणी कधी आली, चेक कधी वटला, सभासदत्व मंजूर करणारा कमिटीचा ठराव कधीचा? देणगी ठरावाच्या चार दिवस आधी गेली असेल आणि सेक्रेटरींचा 'पेमेंट झाल्याशिवाय ट्रान्सफर नाही' असा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज असेल, तर स्वखुशी उरत नाही. तो मेसेज जपून ठेवा. आणि आणखी एक बघा: जुने सभासद त्याच वर्षी तेवढीच देणगी देतायत का? फक्त नवीन येणारेच देत असतील, तर ती ट्रान्सफर फीच आहे.

दुसरं नेहमीचं उत्तर म्हणजे, "आमच्या जनरल बॉडीने ठराव केलाय." प्रीमियमचा दर ठरवायचा अधिकार सर्वसाधारण सभेला आहे, पण शासनाने घातलेल्या मर्यादेच्या आत. सगळ्यांनी एकमताने हात वर केले तरी ती सभा मर्यादा वाढवू शकत नाही. काही वेळा सुप्रीम कोर्टाच्या २०१८ च्या निकालाचा दाखलाही दिला जातो. तो व्यंकटेश प्रिमायसेस सोसायटीचा खटला आयकराचा होता. सोसायटीला मिळालेल्या अशा रकमेवर आयकर लागतो का, हा त्यातला प्रश्न. सोसायट्यांनी सभासदांकडून मर्यादेपेक्षा जास्त घ्यावं, अशी मुभा तो निकाल देत नाही.

मग करायचं काय? पहिलं पत्र सेक्रेटरींना. तोंडी बोलू नका, ग्रुपवर भांडू नका. साधं पत्र दोन प्रतींत घ्या, एक प्रत द्या आणि दुसरीवर शिक्का, सही, तारीख घ्या. पोच देत नसतील तर पोच पावतीसह स्पीड पोस्टने पाठवा. मजकूर एवढा पुरे:

"सदनिका क्रमांक अमुक माझ्या नावे हस्तांतरित करताना संस्थेने माझ्याकडून अमुक तारखेच्या पावतीने एकूण १,१०,६०० रुपये घेतले. त्यापैकी देणगी ७५,००० आणि एनओसी शुल्क १०,००० ही रक्कम कोणत्या उपविधीनुसार व कोणत्या ठरावानुसार घेतली, हे लेखी कळवावे. संबंधित सर्वसाधारण सभेच्या व कमिटी सभेच्या इतिवृत्ताची प्रत आणि माझ्या खात्याचा उतारा द्यावा, त्याचे शुल्क भरण्यास मी तयार आहे. ९ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार ही रक्कम अनुज्ञेय नसल्यास ८५,००० रुपये परत करावेत."

यात एकही धमकी नाही, बघा. मुद्दाम नाही. आधी समर्थन मागतोय, कारण त्यांचं लेखी उत्तर हाच पुढे तुमचा पुरावा होतो. 'ही देणगी सर्व नवीन सभासदांना बंधनकारक आहे' असं कमिटीने स्वतःच लिहून दिलं, तर स्वेच्छेचा मुद्दा त्यांच्याच हाताने संपला. कागदपत्रं मागणं हा तर सभासदाचा हक्क आहे आणि ताई आता सभासद आहेत.

उपविधींप्रमाणे तक्रार अर्ज कमिटीने पुढच्या सभेत ठेवायचा आणि निर्णयानंतर पंधरा दिवसांत तुम्हाला कळवायचा. तोवर थांबा. खूपदा काम इथेच होतं. कमिटीतल्या लोकांना हा आदेश माहीतच नसतो, आधीच्या कमिटीने चालू केलेली पद्धत ते पुढे चालवत असतात. पैसे परत न करता पुढच्या मेंटेनन्समध्ये वळते करून घेऊ असं म्हणाले, आणि तुम्हाला चालत असेल, तर घ्या. फक्त तेही लेखी घ्या, आणि बिलात ८५,००० जमा दिसतायत का ते तपासा.

उत्तर नाही आलं किंवा नकार आला, तर तुमच्या वॉर्डाच्या किंवा तालुक्याच्या उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे. आपण ज्याला डी.आर. ऑफिस म्हणतो ते. आदर्श उपविधीत कुठली तक्रार कुठे न्यायची याची यादी आहे आणि हस्तांतरणासाठी जादा प्रीमियमची मागणी ही निबंधकाकडच्या यादीत स्पष्ट आहे. कागद न देणं हेही त्याच यादीत आहे. तक्रारीला पावती, बँक स्टेटमेंटची ती ओळ, मेसेजचे प्रिंट, तुमचं पत्र आणि पोच जोडा. ७९ अ खालचा आदेश मोडणाऱ्या कमिटी सदस्यांवर कारवाई करून त्यांना अपात्र ठरवण्याचा अधिकार निबंधकाला आहे. म्हणून या तक्रारीचं वजन कमिटी ओळखून असते.

अडचण एका जागी येते. कधी कधी डी.आर. ऑफिसमधून सांगतात की पैसे वसूल करून देणं आमचं काम नाही, सहकार न्यायालयात जा. सभासदाकडून जादा वसुली हा विषय त्या यादीत सहकार न्यायालयाकडे दाखवलेला आहे, त्यामुळे हे उत्तर अगदीच निराधार नाही. तसं झालं, तर ते लेखी घ्या आणि सहकार न्यायालयात सहकार कायद्याच्या कलम ९१ खाली दावा दाखल करा. अशा दाव्याला कृती घडल्यापासून सहा वर्षांची मुदत आहे. माजी सभासदालाही ९१ खाली जाता येतं. म्हणजे विकणाऱ्याने अर्धी रक्कम भरली असेल, तर तोही त्याच्या वाट्याचं मागू शकतो. ज्याच्या खात्यातून पैसे गेले, मागणी त्यानेच करायची.

काही ठिकाणी हे सगळं लागू होत नाही, तेही ऐका. तुमची इमारत सोसायटी नसून अपार्टमेंट असोसिएशन असेल, आणि पुण्यात अशा खूप आहेत, तर ती वेगळ्या कायद्याखाली येते आणि २००१ चा हा आदेश तिला थेट लावता येत नाही. खरेदीखत आणि नोंदणी प्रमाणपत्र बघा. जमीन सरकारी असेल, तर हस्तांतरणासाठी जिल्हाधिकारी कार्यालयात भरावी लागणारी रक्कम वेगळी. ती सोसायटीने घेतलेली नाही, तेव्हा तिच्याकडून परत मागू नका.

उलट बाजूने, फ्लॅट वडिलांकडून मुलाकडे बक्षीसपत्राने आला असेल, नॉमिनीच्या किंवा वारसाच्या नावे होत असेल, किंवा दोन सभासदांनी आपसात फ्लॅट बदलले असतील, तर २५,००० चा प्रीमियमसुद्धा लागत नाही. घरात कुणी गेल्यावर वारसांकडून तो घेतलेला मी पाहिलाय आणि ते फार वाईट वाटतं. त्यांच्या पत्रात परताव्याच्या आकड्यात ते २५,००० ही येतात.

आणि ज्यांचं ट्रान्सफर अजून व्हायचंय, त्यांनी रोख देऊ नका. पावती नसलेली रोख रक्कम परत मिळवणं जवळजवळ अशक्य असतं. जादा रक्कम दिल्याशिवाय अडकणारच असाल, तर चेकने द्या आणि त्याच दिवशी सेक्रेटरींना ईमेल करा: 'ही रक्कम हरकत नोंदवून देत आहे, परताव्याचा हक्क राखून.'