फोटोतली लाल कड कुणाची?

मंडळी, फोटोवरून नकली पाकीट कसं ओळखायचं, यासाठी कार्यक्रमपत्रिकेवर छपाई, वजन आणि सील असे तीन विषय छापलेत. त्यातल्या छपाईवरच माझा जीव, तेव्हा बाकीच्या दोघांचं काय होतं ते बघू.

एका ओळखीच्या गृहस्थांनी मला डिटर्जंटच्या पाकिटाचा फोटो पाठवला. खाली एकच शब्द, ‘नक्कल!’ पुरावा म्हणे डाव्या टोकाच्या अक्षराला असलेली लाल कड, म्हणजे रंग एकमेकांवर नीट बसलेले नाहीत, रजिस्ट्रेशन हललंय. मी फोटो मोठा केला. डावीकडच्या अक्षरांना लाल कड डाव्या बाजूला, उजवीकडच्यांना उजव्या बाजूला, आणि मधली अक्षरं स्वच्छ! छपाईत लाल सरकला, तर साधारण सगळीकडे एकाच दिशेला सरकतो. मध्यापासून चहूकडे पळणारी कड भिंगाची असते. मी म्हटलं, पाकीट उलटं ठेवून पुन्हा फोटो काढा. छपाईचा दोष पाकिटाबरोबर फिरला असता; ही कड फोटोच्या चौकटीलाच चिकटून राहिली. गृहस्थ रागावले. पाकिटाला नकली म्हणताना त्यांना काही वाटलं नव्हतं, फोनच्या भिंगाला नाव ठेवल्यावर मात्र लागलं! (हसू नका, तुमच्यापैकी निम्म्यांनी असेच फोटो आणलेत.)

याने पाकीट अस्सल ठरलं का? नाही. फक्त तो पुरावा गळला. खरी जागा म्हणजे मागची बारीक अक्षरं. मूळ छपाईत ती बहुधा एकाच शाईची असतात, त्यामुळे तिथे हलायला दुसरा रंगच नसतो. नक्कल करणारा तयार पाकीट स्कॅन करतो, मग काळं अक्षरही चार शायांत फुटतं आणि जरा सरकलं की दुहेरी, रंगीत दिसतं. नावाचा सपाट रंगही ठिपक्यांचा होतो. मात्र काही मूळ पाकिटंही सगळा रंग ठिपक्यांतूनच छापतात, म्हणून शेजारी खात्रीचं पाकीट हवंच. आणि फोटो मूळ फाइल म्हणून पाठवा. निरोपातून आकसून आलेल्या फोटोत बारीक अक्षरांचा लगदा होतो.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, वजन. आकड्याचं वळण आणि त्याची कडेपासूनची जागा खात्रीच्या पाकिटाशी ताडा. आत किती भरलंय ते फोटो सांगत नाही, त्याला तराजू लागतो.

सील. प्रकाश बाजूने, तिरपा पाडा, म्हणजे दाते उठून दिसतात. यंत्राचे दाते सरळ आणि सारख्या अंतरावर असतात. पाकीट कापून पुन्हा भरलं असेल तर वरची कड छपाईच्या जवळ आलेली दिसते, कारण जुनं सील कापताना थोडी उंची जाते. दात्यांमध्ये पावडर अडकून बारीक नळीसारखी वाट राहिली असेल तर तिथे थांबा. पण घाईच्या दिवशी मूळ कारखान्यातही ती राहते, त्यामुळे तेवढ्यावरून कुणाला नकली म्हणू नका.