इन्सुलिनची गाठ आणि वाढत जाणारा डोस
(पुण्यात ज्येष्ठ नागरिकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

इन्सुलिन घेणारी बरीच मंडळी समोर बसली आहेत, म्हणून थेट पोटाच्या त्या जागेपासूनच सुरुवात करू. बेंबीच्या दोन्ही बाजूंना तीन-चार बोटांवर हात फिरवला की कित्येकांना एक मऊ, रबरासारखा फुगवटा लागतो. कुणाला तो लिंबाएवढा वाटतो, कुणाला तळहातभर पसरलेला. दुखत नाही, लाल नसतो, खाजत नाही. मग घरात म्हणतात, ‘चरबीची गाठ आहे, असू दे.’ चरबीचीच आहे, हे बरोबर. पण ती आपसूक आलेली नाही, आणि तिला असू दिलं तर साखरेचं सगळं गणित बिघडतं. वैद्यकीय भाषेत तिला लायपोहायपरट्रॉफी म्हणतात. आपण आज तिला सरळ गाठच म्हणू.

साखर पेशींत पोचवण्याबरोबर इन्सुलिनचं आणखी एक काम असतं: चरबीच्या पेशी वाढवणं. एकाच जागी रोज सुई टोचली की तिथल्या पेशींना रोज भरपूर इन्सुलिन मिळतं आणि त्या फुगतात. त्यात सुईच्या रोजच्या जखमा. त्या भरताना तंतू तयार होतात आणि जागा निबर होते. एकच सुई आठ-दहा दिवस वापरली तर टोक बोथट होतं, वाकतं, जखम मोठी होते. जागा न बदलणं आणि सुई न बदलणं ही गाठीची दोन मुख्य कारणं. इन्सुलिन पंप वापरणाऱ्यांनी कातडीखालची बारीक नळी, म्हणजे कॅन्युला, पुन्हापुन्हा त्याच पट्ट्यात बसवली तर त्यांनाही गाठ येते.

आता त्याच जागी माणूस सुई का टोचतो? कारण तिथं दुखत नाही. गाठीत संवेदना कमी होते. साडी नेसणाऱ्या बाईला निऱ्यांच्या वर, डाव्या-उजव्या बाजूची दोन बोटांची जागा सोयीची पडते. पायजम्याच्या नाडीच्या वरची जागा पुरुषांना. हात तिथंच सवयीनं जातो, दुखणंही नाही, मग बदलायचं कशाला? गाठ वाढत जाते ती अशी, पेशंटच्या दृष्टीनं अगदी आरामात.

खरी अडचण पुढं आहे. टोचलेलं इन्सुलिन तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांतून रक्तात जायला हवं. मुरमाड जमिनीत पाणी लगेच झिरपतं आणि चोपण जमिनीत साचून राहतं, तसं गाठीतलं इन्सुलिन अडकतं. थोडं उशिरा जातं, थोडं कमी जातं, आणि रोज वेगळ्या प्रमाणात जातं. यातला ‘रोज वेगळ्या प्रमाणात’ हा भाग सगळ्यांत त्रासदायक. 2016 साली एक काटेकोर प्रयोग प्रसिद्ध झाला. टाइप 1 मधुमेह असलेल्या 13 जणांना तेच जलद इन्सुलिन, तोच डोस, एकदा चांगल्या जागी आणि एकदा गाठीत, असं आलटून पालटून दिलं. गाठीत दिल्यावर रक्तात पोचलेलं इन्सुलिन सुमारे एक पंचमांशानं कमी भरलं. त्याहून बोलकं म्हणजे, त्याच माणसात एका वेळेपासून दुसऱ्या वेळेपर्यंत पडणारा फरक चांगल्या जागी सुमारे 11 टक्के होता, गाठीत 52 टक्के. डोस तोच, माणूस तोच, आणि परिणामाचा भरवसा नाही.

म्हणूनच काही पेशंटच्या वहीत असे आकडे दिसतात: सकाळी उपाशीपोटी 210, दुसऱ्या दिवशी 95, तिसऱ्या दिवशी 180. जेवण तेच, चालणं तेच. घरचे म्हणतात, ‘चोरून गोड खाल्लंस.’ डॉक्टर म्हणतात, ‘पथ्य पाळा.’ एखाद्यानं खरंच चोरून खाल्लेलं असेलही. पण हे बोलण्याआधी पोटावर हात फिरवून बघायला हवं. 2013 साली स्पेनमध्ये इन्सुलिन घेणाऱ्या 430 जणांची तपासणी झाली, त्यांच्यातल्या जवळजवळ 64 टक्के लोकांना गाठी होत्या. कारण न सापडणारी ‘लो शुगर’ गाठ असलेल्यांपैकी 39 टक्क्यांना होत होती, गाठ नसलेल्यांपैकी सुमारे 6 टक्क्यांना. आणि गाठवाल्यांचा रोजचा डोस सरासरी 56 युनिट होता, बाकीच्यांचा 41.

या डोसच्या फरकापाशी थोडं थांबू, कारण खरा धोका इथंच आहे. एक उदाहरण मांडतो. माणूस कल्पित आहे, पण असे आकडे ओपीडीत सहज दिसतात. सिंहगड रोडला राहणारे 62 वर्षांचे गृहस्थ, 30/70 मिश्र इन्सुलिन पेननं घेतात. चार वर्षांपूर्वी सकाळी 14 आणि रात्री 10 युनिट होतं. साखर वाढत गेली तसा दर भेटीत डोस दोन-चार युनिटांनी वाढला. आज सकाळी 30 आणि रात्री 22, म्हणजे दिवसाला 52 युनिट. तरी तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारं एचबीए1सी 9.1. पोटावर दोन गाठी. सुई बदलते ती टोचताना दुखायला लागली की.

आता त्यांना कुणी सांगितलं, ‘काका, गाठीत टोचू नका, मांडीला टोचा.’ सल्ला योग्य, पण अर्धा. काकांनी त्याच रात्री मांडीच्या स्वच्छ कातडीत 22 युनिट टोचलं. गाठीत अडकून राहणारं इन्सुलिन आता पूर्ण पोचलं. पहाटे तीनला घाम, थरथर, साखर 48. हे काकांच्या चुकीनं झालं नाही. डोस गाठीच्या हिशोबानं वाढवलेला होता, आणि गाठ सोडताना तोच ठेवला. ज्या घरात आजोबांना रात्री अचानक कुणी दुसरं टोचून देतं, मुलगा म्हणा, नर्स म्हणा, तिथंही हेच घडतं: नवा हात नव्या जागी टोचतो.

म्हणून गाठ सोडण्याआधी डोस ठरवून कमी करायचा, आणि तो डॉक्टरांशी बोलूनच. आंतरराष्ट्रीय शिफारशींत म्हटलं आहे की ही घट बऱ्याचदा 20 टक्क्यांहूनही जास्त लागते. आपल्या उदाहरणात 20 टक्के धरले तर सकाळचे 30 होतील 24, आणि रात्रीचे 22 होतील 18. ही सुरुवात, खरा आकडा मोजल्याशिवाय ठरत नाही. पहिले दोन आठवडे ग्लुकोमीटर हाताशी ठेवायचा: नाश्त्याआधी, दुपारी आणि रात्री जेवणाआधी, झोपताना, आणि आठवड्यातून एक-दोनदा पहाटे तीनला. मिश्र इन्सुलिनमध्ये सकाळच्या उपाशीपोटीच्या आकड्यावर रात्रीच्या डोसचा हात असतो, आणि संध्याकाळच्या जेवणाआधीच्या आकड्यावर सकाळच्या डोसचा. म्हणजे उपाशीपोटी 80 येऊ लागलं तर कमी करायचा तो रात्रीचा डोस, सकाळचा नाही. साखर 70 च्या खाली आली की आधी 15 ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. गाठ लहान असेल, किंवा क्वचितच तिथं टोचत असाल, तर इतकी घट लागत नाही. आणि टाइप 1 असलेल्यांनी इन्सुलिन बंद करून गाठीला ‘विश्रांती’ द्यायची नाही. विश्रांती जागेला द्यायची, इन्सुलिनला नाही.

हे सगळं गाठ सापडल्यानंतरचं. सापडवायची कशी? निव्वळ बघून कित्येक गाठी निसटतात, कारण बऱ्याच सपाट असतात. आंघोळीच्या वेळी साबणाचा हात पोटावरून फिरवा. बोटांच्या टोकांनी नव्हे, बोटांच्या पेरांनी, हलक्या दाबानं, चांगल्या कातडीकडून टोचायच्या जागेकडे सावकाश. चांगली जागा मऊ आणि सैल लागते, गाठीवर आलं की भरीव, जाड लागतं. मग चिमूट घेऊन पाहा. चांगल्या कातडीची पातळ चिमूट सहज येते, गाठीची जाड येते किंवा येतच नाही. सापडल्यावर बॉलपेननं कडेनं गोल काढा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा. त्यांनी स्वतःहून कपडे वर करायला सांगितलं नाही तर तुम्हीच सांगा, ‘जागा बघा.’ हात लाजेनं थांबतो आणि डोस वाढत जातो, ही परिस्थिती पुण्यात काही कमी नाही.

टोचण्याच्या जागांचा हिशोब सोपा ठेवा. बेंबीच्या भोवती दोन बोटं सोडा. उरलेल्या पोटाचे चार भाग करा, एक भाग एक आठवडा. दिवसाला दोन टोचण्या म्हणजे आठवड्याला चौदा. एका भागात आडव्या पाच आणि उभ्या तीन ओळी धरल्या तर पंधरा ठिकाणं होतात, प्रत्येक दुसऱ्यापासून एका बोटाच्या रुंदीवर. त्याच ठिकाणी परत यायला महिना जातो. गाठीचा भाग मात्र यातून पूर्ण वगळायचा. पोटाबरोबर मांडीही वापरत असाल तर ठरावीक वेळेला ठरावीक जागा ठेवा: सकाळी पोट, रात्री मांडी, असं. साध्या मानवी इन्सुलिनचा वेग पोटातून जास्त आणि मांडीतून कमी असतो, त्यामुळे आज पोट, उद्या मांडी, परवा दंड असं मनाला येईल तसं केलं की पुन्हा आकडे उड्या मारतात.

चार मिलिमीटरची सुई सरळ नव्वद अंशात, बटण पूर्ण दाबून दहापर्यंत मोजून काढायची. प्रत्येक टोचणीला नवी सुई, ही आदर्श गोष्ट. खर्चामुळे ते जमत नाही असं पेशंट सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. पण ‘दुखेपर्यंत वापरायची’ हा नियम तरी सोडायलाच हवा, कारण गाठीत दुखतच नाही.

शेवटी एक प्रश्न बऱ्याच जणांनी चिठ्ठीवर लिहून दिला आहे: गाठ जाते का? टोचणं थांबवलं की ती हळूहळू बसते, पण त्याला महिने लागतात. तेवढ्यात ‘आता बसली असेल’ म्हणून परत तिथं टोचायचं नाही. हातानं तपासून, चांगल्या कातडीसारखी सैल चिमूट आली तरच. काही गाठी मात्र बसत नाहीत. दगडासारख्या घट्ट, सहा महिन्यांत तसूभर न बदलणाऱ्या गाठीत इन्सुलिनच्याच प्रथिनाचा न विरघळणारा साका, म्हणजे अमिलॉइड, साचलेला असू शकतो. त्यातूनही इन्सुलिन नीट जात नाही, आणि अशा गाठीची सोनोग्राफी करून सर्जनचं मत घ्यावं लागतं. जागा लाल झाली, गरम लागली किंवा ठणकू लागली तर तो संसर्ग. त्यासाठी त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, पुढच्या महिन्याच्या अपॉइंटमेंटला नाही.