लाल क्रेटमधला फ्लँज

[दृश्य: साकीनाक्याची गल्ली, सकाळ. हातगाडीवरून लोखंडी रॉड चाललेत. एका गाळ्याचं शटर वर जातं.]

साकीनाक्याच्या या गाळ्यात दोन लेथ, एक व्हीएमसी आणि मागच्या भिंतीला ग्रॅनाइटची सरफेस प्लेट आहे. प्लेटच्या खाली दोन क्रेट. हिरव्यात पास झालेले जॉब, लालमध्ये नापास. आपली गोष्ट लाल क्रेटमधल्या एका फ्लँजची आहे.

[दृश्य: हातात फ्लँज. मधलं मोठं बोअर, भोवती चार भोकं, कडेला मिलिंग केलेला सपाट भाग.]

मध्ये ५० मिलिमीटरचं बोअर, एच-सात फिटचं, म्हणजे ५० पेक्षा लहान चालत नाही आणि मोठं फार तर २५ मायक्रॉनने. भोवती चार भोकं, त्यांतून एम-दहाचे बोल्ट जाणार. कडेला एका बाजूने सपाट काप. क्रेटमध्ये टाकताना त्याच्यावर मार्करने लिहिलं होतं, ‘भोक आउट’.

[दृश्य: काचेखाली ड्रॉइंग. बोट एका आडव्या चौकटीवर थांबतं. कॅमेरा जवळ.]

आउट म्हणजे कशाच्या हिशोबाने? ते या चौकटीत लिहिलंय. ती डावीकडून उजवीकडे, एकेक घर करत वाचायची. पहिल्या घरात वर्तुळ आणि त्यावर अधिक चिन्ह, म्हणजे पोझिशन. दुसऱ्या घरात व्यासाचं चिन्ह, ०.४, आणि त्याला चिकटून वर्तुळातला एम. पुढच्या तीन घरांत ए, बी, सी. चौकटीच्या वर भोकाचं माप लिहिलंय, १०.४ ते १०.६.

भोकाचं केंद्र नेमकं कुठे हवं ते चौकोनात बसवलेल्या आकड्यांनी सांगितलंय. बोअरच्या केंद्रापासून २८.२८ आडवं, २८.२८ उभं. या आकड्यांना अधिक-उणे नसतं. ती आदर्श जागा. तिच्याभोवती ०.४ व्यासाचं एक गोल कुंपण कल्पायचं आणि भोकाचा आस त्या कुंपणाच्या आत असला पाहिजे. कुंपण गोल, कारण बोल्टला भोक कुठल्या दिशेला सरकलंय याचं काही नसतं. किती सरकलं, एवढंच त्याला अडवतं. या कल्पनेचं श्रेय स्टॅन्ली पार्कर यांना देतात. स्कॉटलंडमधल्या टॉर्पेडोच्या कारखान्यात काम करणारा माणूस.

[दृश्य: फ्लँज अँगल प्लेटला लावलेला, सपाट काप खाली सरफेस प्लेटवर. हाइट गेजला लावलेला लिव्हर डायल भोकात शिरतो.]

आता ए, बी, सी. ए म्हणजे मागचा फेस. बी म्हणजे बोअर. सी म्हणजे हा सपाट काप. हा क्रम माणसांना ओळीत उभं करण्यासारखा नाही. आधी ए टेकवायचा, म्हणजे जॉब डुगडुगणं थांबतं. मग बी, म्हणजे शून्य कुठे ते ठरतं. सी शेवटी, आणि त्याचं काम फक्त जॉब गोल फिरू न देण्याचं.

जॉब नापास झाला तो इथे. माप घेणाऱ्याने सी खाली टेकवला, ते बरोबरच होतं. पण उंचीही तिथूनच मोजली. ड्रॉइंगवर कापापासून बोअरचं केंद्र ५५ आहे, त्यात २८.२८ मिळवले, ८३.२८. डायलने दाखवलं ८३.५६. म्हणजे भोक ०.२८ वर. आडव्या दिशेला ०.२० सरकलेलं होतंच. हिशोब लावला तर पोझिशन जवळजवळ ०.६९ येते. लिहा आउट.

[दृश्य: क्वालिटी बघणाऱ्या ताई डायल बोअरच्या तळाला, मग माथ्याला लावतात. वहीत दोन आकडे.]

ताईंनी तोच जॉब तसाच ठेवला आणि आधी बोअर मोजलं. तळ, माथा, दोन्हींचा मध्य. बोअरचं केंद्र कापापासून ५५.१५ वर होतं. त्या मापाला ड्रॉइंगवर अधिक-उणे ०.२ दिलंय, त्यामुळे त्यात काही चूक नाही. पण ते ०.१५ भोकाच्या माथी मारलं गेलं होतं. बोअरपासून मोजलं तर भोक उभ्या दिशेला फक्त ०.१३ सरकलंय.

[दृश्य: वहीचं पान. पेन्सिलने काटकोन त्रिकोण.]

०.२० चा वर्ग, अधिक ०.१३ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ. ०.२४ ला थोडं कमी. हे झालं केंद्रापासूनचं अंतर, म्हणजे त्रिज्या. चौकटीतला ०.४ हा व्यास आहे, म्हणून दुप्पट करायची. ०.४८. ही दुप्पट मी स्वतः शिकाऊ असताना कितीदा विसरलोय, आणि तशा हिशोबाने खराब जॉबही खुशाल पास होतो.

०.४८. चौकटीत ०.४. तरी आउटच?

[दृश्य: वर्तुळातल्या एमवर कॅमेरा. मग बोअर गेजचा काटा.]

इथे तो छोटा एम वाचायचा. तो सांगतो की ०.४ ही सवलत भोक सगळ्यात लहान, म्हणजे १०.४ असतानाची आहे. तेव्हा धातू सगळ्यात जास्त आणि बोल्टला जागा सगळ्यात कमी. भोक जेवढं मोठं, तेवढी सवलत वाढते. आपलं भोक १०.५२ आहे. १०.४ पेक्षा ०.१२ मोठं. ०.४ मध्ये ०.१२ मिळवा. ०.५२ पर्यंत चालतं, आपलं ०.४८ आहे. भोक पास.

[दृश्य: गेज. मधला प्लग बोअरमध्ये शिरतो, चार पिना चार भोकांत उतरतात. आवाज तसाच ठेवणे.]

हाच हिशोब हे गेज आकड्यांशिवाय करतं. पिना १० मिलिमीटरच्या, कारण १०.४ उणे ०.४. फेस टेकला आणि पिना उतरल्या तर पोझिशन बरोबर. भोकाचं माप मात्र गेज सांगत नाही, त्याला प्लग गेज वेगळं लावावं लागतं. आणि मधला प्लग बघा, तो फुलवून घट्ट करतात. चौकटीत बीच्या शेजारी एम नाही, म्हणून बोअरमध्ये ढिलाई घ्यायची परवानगी नाही. तिथे ५० चा साधा प्लग ठेवला असता, तर बोअर वरच्या मापाला असताना २५ मायक्रॉनची फुकटची ढिलाई मिळाली असती.

[दृश्य: दुसरा फ्लँज. तीन पिना आत, चौथी अडते.]

हा पुढचा जॉब. चौथं भोक १०.४२, केंद्रापासून ०.२३ बाजूला. दुप्पट केली की ०.४६, आणि सवलत फक्त ०.४२. हा खरोखरच नापास आहे.

[दृश्य: रेडियल ड्रिल. काका रीमर लावतात. तेल पडतं, भोकातून बारीक चुरा निघतो.]

पण भंगारात नाही. मशीनवरच्या काकांनी भोक १०.५० ला रीम केलं. रीमर असलेल्या भोकाच्या मागून जातो, त्यामुळे केंद्र होतं तिथेच राहिलं. भोक १०.६ च्या आत आहे, आणि सवलत आता ०.५० झाली. ०.४६ त्यात बसतं. कोणाकडे परवानगी मागायची गरज नाही, ती ड्रॉइंगनेच दिलेली होती. भोक आधीच वरच्या मापाला असतं, तर हा मार्ग बंद होता.

याआधीच्या खेपेतले अकरा जॉब काही न मोजता भंगारवाल्याच्या टेम्पोत गेले.

[दृश्य: काका भोकाची कड साफ करतात, फ्लँज ताईंच्या हातात देतात. गेज. चौथी पीन उतरते. निवेदन नाही. ताई कापडाने मार्करची अक्षरं पुसतात.]