पाठीवर की पाठीशी?

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

मंडळाचे ज्येष्ठ सभासद, मित्रमैत्रिणींनो आणि मागच्या रांगेत बसलेल्या मुलांनो, नमस्कार.

आपल्या मराठी रेडिओ कार्यक्रमासाठी झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंवर वीस मिनिटांचे भाषण लिहिण्याचे काम मंडळाने माझ्याकडे दिले, तेव्हा मी एक अट स्वतःवर घालून घेतली होती. संहितेतल्या प्रत्येक विधानापुढे समासात एक अक्षर लिहायचे: त्या काळच्या कागदाचा आधार असेल तर ‘का’, आणि पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेली गोष्ट असेल तर ‘प’, म्हणजे परंपरा. दोन आठवड्यांत काम संपेल असे वाटले होते. आज तीन महिने झाले, आणि ते एका वाक्यापाशी अडून बसले आहे. त्याला कारण माझी नऊ वर्षांची मुलगी.

मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर संहिता मोठ्याने वाचत होते. दत्तकविधानाचा भाग आला. २० नोव्हेंबर १८५३ रोजी गंगाधररावांनी आनंदराव नावाचा पाच वर्षांचा मुलगा दत्तक घेतला, त्याचे नाव दामोदरराव ठेवले, आणि दुसऱ्याच दिवशी गंगाधरराव वारले. या साऱ्यापुढे ‘का’, कारण मुलाचे वय खुद्द गंगाधररावांनी इंग्रज अधिकाऱ्यांना पाठवलेल्या खलित्यात आहे. मग मी पुढे वाचत गेले आणि १८५८ च्या एप्रिलमध्ये राणीसाहेब मुलाला पाठीवर बांधून किल्ल्याबाहेर पडल्या त्या वाक्यावर आले. मुलीने बोटे मोजली आणि म्हणाली, “आई, म्हणजे तो माझ्याएवढा होता? मग मला बांधून दाखव.”

मी सासूबाईंचे जुने नऊवारी लुगडे काढले आणि तिला पाठीवर घेऊन बांधले. तिचे पाय माझ्या गुडघ्यांपर्यंत आले, हनुवटी माझ्या डोक्याला लागली, आणि दोन पावले टाकताच गाठ खांद्यावरून सरकली. आपण सर्वांनी जे पुतळे आणि जी चित्रे पाहिली आहेत, त्यांत राणीच्या पाठीवर तान्हे मूल असते. आपल्या वेषभूषा स्पर्धेत आपण दरवर्षी कुणा ना कुणा मुलीच्या पाठीला बाहुली बांधतो. मीही बांधली आहे. पाच अधिक साडेचार, एवढी बेरीज आपल्यापैकी कुणीच कधी केली नाही. ती तिने केली.

किल्ल्याच्या तटावरून घोड्यासह घेतलेली उडी हे या प्रसंगाचे दुसरे अंग आहे. झाशीच्या किल्ल्यावर ती जागा आजही दाखवतात. इंग्रजांच्या लष्करी वृत्तांतात एवढेच मिळते की वेढ्यानंतर शहर पडल्यावर राणी रात्री काही स्वारांसह निसटली, भांडेरपर्यंत तिचा पाठलाग झाला, पाठलागावरचा लेफ्टनंट डॉकर तिथे जखमी झाला आणि ती काल्पीला पोहोचली. म्हणून निसटण्यापुढे ‘का’ आणि उडीपुढे ‘प’ असे मी लिहिले.

हे सासूबाईंनी वाचले. त्या मूळच्या ग्वाल्हेरच्या, राणीच्या समाधीवर लहानपणापासून गेलेल्या. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, “माझ्या आजीनं सांगितलं ते ‘परंपरा’, आणि ज्यांनी झाशी जाळली त्यांनी लिहिलं तो ‘कागद’? हा कुठला न्याय गं?” त्यानंतर दोन दिवस आमच्या घरी फारसे कुणी कुणाशी बोलले नाही.

त्यांचा प्रश्न खरा आहे, आणि मी तो टाळू शकत नाही. ‘का’ या अक्षराचा अर्थ ‘खरे’ असा नाही आणि ‘प’ चा अर्थ ‘खोटे’ असाही नाही. ‘का’ म्हणजे एवढेच की ही गोष्ट कुणी, केव्हा आणि कुठून लिहिली ते आपल्याला सांगता येते, आणि म्हणून त्या लिहिणाऱ्याची उलटतपासणी घेता येते. राणीसाहेबांच्या मृत्यूचेच पाहा. ग्वाल्हेरजवळ कोटा की सराय येथे १७ जून १८५८ रोजी लढाई झाली. आपण पुण्यतिथी १८ जूनला पाळतो, आणि त्यांना तलवारीचा वार लागला की गोळी, यावर त्या काळचे वृत्तांत एकमेकांशी जुळत नाहीत. तिथे समासात तीनतीन ‘का’ आहेत आणि तरीही मला ठामपणे एक वाक्य लिहिता येत नाही. जन्माच्या सालाची गोष्टही अशीच: परंपरा १८३५ सांगते, अनेक अभ्यासक १८२८ धरतात, आणि त्यावरून लग्नातले वय सात की चौदा हे बदलते.

उलट, जे वाक्य मला निव्वळ परंपरेचे वाटत होते, त्याला कागद निघाला. “माझी झाशी देणार नाही” हे आपण शाळेच्या रंगमंचावर, हातात पुठ्ठ्याची तलवार घेऊन, वेढ्याच्या प्रवेशात म्हटलेले वाक्य. ते ऐकल्याचे जॉन लँग नावाच्या वकिलाने लिहून ठेवले आहे. हा जन्माने ऑस्ट्रेलियाचा. संस्थान खालसा झाल्यावर १८५४ मध्ये राणीसाहेबांनी कंपनीविरुद्ध दाद मागण्यासाठी त्याला झाशीला बोलावले होते. त्या पडद्याआड बसल्या होत्या. दत्तक मुलाने तो पडदा मध्येच बाजूला ओढला, म्हणून लँगला त्या क्षणभर दिसल्या. पेन्शन घेऊन थांबावे असा सल्ला त्याने दिला, तेव्हा त्यांनी हिंदुस्थानीत “मेरा झाँसी नहीं देंगी” असे उत्तर दिले. त्याच्या कानाला ते असे ऐकू आले. १८५९ साली ते लंडनमध्ये छापून आले. म्हणजे वाक्य कागदावरचे, पण प्रसंग आपण बदललेला. ते तलवार उपसून उच्चारलेले नाही. लढाईच्या चार वर्षे आधी, सगळे अर्ज अजून चालू असताना, आपल्याच वकिलाला दिलेले ते उत्तर आहे. मला तर ते अशा जागी अधिक भारी वाटते. ऐकणारा एकच, तोही परदेशी, हे मात्र सांगायलाच हवे.

सासूबाईंना मी हेही दाखवले की सगळे कागद शत्रूचे नाहीत. दत्तक मंजूर करावे म्हणून राणीसाहेबांनी स्वतः पाठवलेले खलिते आहेत. आणि आपले गोडसे भटजी आहेत. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे, घरचे कर्ज फिटावे म्हणून १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले आणि झाशीच्या वेढ्यात सापडले. त्यांनी ‘माझा प्रवास’ लिहिला तो मात्र १८८३ च्या सुमारास, आणि तो छापला गेला १९०७ मध्ये. पाहिल्यानंतर पाव शतकाने लिहिलेले हे पुस्तक कोणत्या अक्षराखाली घालायचे? पुष्कळ दिवस मी त्यावर अडले, आणि मग लक्षात आले की अक्षर पुस्तकाला द्यायचे नसते, विधानाला द्यायचे असते. शहरावर पडणारे गोळे, नंतरची कत्तल, काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी भेटलेल्या, धुळीने माखलेल्या, ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी काढू नये म्हणून स्वतः पाणी ओढायला निघालेल्या राणीसाहेब: हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले, तिथे ‘का’. राणीसाहेबांचे बालपण आणि अखेर त्यांनी ऐकून लिहिली, तिथे ‘प’. एकाच पानावर दोन्ही अक्षरे येतात, आणि तेच योग्य आहे.

किल्ल्यातून निघतानाचा क्षणही त्यांनी ऐकलेलाच. पण त्यांच्या हकिकतीत मुलगा पाठीशी बांधल्याचे येते. पाठीशी. मी ते वाचून पुन्हा लुगडे काढले आणि या वेळी दिवाणखान्यातल्या सोफ्याच्या हातावर घोड्यावर बसल्यासारखी बसले. मुलीला मागे, माझ्यामागेच, बसवले. लुगडे दोघींच्या कमरेभोवती घेऊन पुढे गाठ मारली. तिचा भार माझ्या खांद्यावर आला नाही, तो सोफ्यावर राहिला. लुगडे फक्त ती पडू नये म्हणून होते. मी पुढे वाकले, मागे झाले, गाठ हलली नाही. नऊ वर्षांच्या मुलाला दौडत्या घोड्यावरून सुखरूप न्यायचे असेल तर कुणीही आई हेच करील. चूक परंपरेची नव्हती. ‘शी’ चे ‘वर’ करणाऱ्या चित्रकारांची आणि मूर्तिकारांची होती, आणि बाहुली बांधणाऱ्या आपली. तो मुलगा पुढे इंदुरात मोठा झाला, आपल्या आठवणी सांगून गेला, आणि १९०६ मध्ये वारला.

आता अडचण उरली ती रेडिओची. समासातले अक्षर कानाला दिसत नाही. ‘म्हणे’ हा आपला शब्द मी प्रथम वापरून पाहिला. “राणीने उडी घेतली म्हणे” असे वाचताच त्यात अविश्वास ऐकू येतो, आणि माझ्या मनात तो नाही. ‘सांगतात’ मध्ये आदर राहतो, पण वीस मिनिटांत तो तीस वेळा आला की ऐकणारा कंटाळतो. शेवटी मी दोन आवाज घ्यायचे ठरवले. कागदाचा भाग एका आवाजात, परंपरेचा दुसऱ्या आवाजात, आणि सुरुवातीला एकदाच तसे सांगायचे. बुंदेलखंडातले हरबोले ही कहाणी गात हिंडत, आणि सुभद्राकुमारी चौहानांनी आपण ती त्यांच्याच तोंडून ऐकल्याचे कवितेत प्रामाणिकपणे सांगून ठेवले आहे. त्यामुळे दुसरा आवाज गाणाऱ्याचा असला तरी चालेल.

मंडळाला मात्र एक सांगायचे आहे. आपल्या गटात राणीसाहेबांच्या नावाने दर जूनमध्ये जी वचने फिरतात, त्यांतले एकही पुढे पाठवण्यापूर्वी “हे कुणी ऐकले, केव्हा लिहिले?” एवढे आपण विचारत नाही. आपली मुले ते विचारतील. माझ्या मुलीने विचारले तेव्हा तिच्या हातात निदान लुगडे होते.

माझी काळजी मात्र सासूबाईंची आहे, आणि ती मला सोडवता आलेली नाही. त्या म्हणतात, “आधी पोरीला राणीवर जीव लावू दे, मग अक्षरं शिकव.” आपण सर्वजण तांब्यांची ती कविता आधी म्हणालो, तारखा फार नंतर शिकलो. इथल्या मुलांना राणीसाहेब वर्षातून एकदा, वीस मिनिटे भेटतात. त्या वीस मिनिटांत पहिल्याच वेळी अक्षरे लावून गोष्ट सांगितली तर ती त्यांच्या मनात राहील का, हे मला खरोखर समजत नाही.

ध्वनिमुद्रण पुढच्या रविवारी आहे. कागदाचा भाग मी वाचणार आहे. परंपरेचा भाग वाचायला सासूबाई कालपर्यंत तयार नव्हत्या. आज सकाळी त्यांनी संहिता मागून घेतली आणि उडीच्या वाक्यापुढचा ‘प’ खोडला नाही, पण ‘पाठीवर’ खोडून आपल्या हाताने ‘पाठीशी’ लिहिले. त्या शब्दापुढची समासातली जागा मी अजून मोकळी ठेवली आहे.