आजीचा इळा आणि वाक्यातली रांग

सोयाबीनची सोंगणी चालू आहे, सकाळचं ऊन अजून कोवळं आहे, आणि या आजी धुऱ्यावर उभ्या राहून नातवाला काहीतरी सांगतायत. जरा आवाज वाढवून ऐका.

‘काल बजारातून आणलेला इळा म्या वावरात ठेवला.’

बस, एवढंच. पण आपला अख्खा व्हिडिओ याच एका वाक्यावर आहे, म्हणून हा शॉट परत एकदा दाखवतोय, या वेळेला हळू.

‘ठेवला’ हे क्रियापद सगळ्यात शेवटी आलं आणि ज्याला ठेवलं तो इळा त्याच्या आधीच येऊन गेला. ‘वावरात’मधला ‘त’ वावराच्या नंतर, ‘बजारातून’मधला ‘तून’ बजाराच्या नंतर. आणि कोणता इळा? तर ‘काल बजारातून आणलेला’, ही सगळी ओळख इळ्याच्या आधी सांगून झाली.

आता हीच रांग इंग्रजीसारखी लावली की असं होतं: ‘मी ठेवला इळा जो आणला पासून बजार काल, मध्ये वावर.’ नातवाला असं बोलून दाखवलं तर तो पेंढी टाकून हसत सुटला, बघा. पण इंग्रजीवाल्याला हीच रांग सरळ वाटते. गंमत म्हणजे एक जागा नाही, तिन्ही जागा एकदम उलटल्या.

हे तीन एकत्रच का फिरतात, हा प्रश्न अमेरिकेतल्या जोसेफ ग्रीनबर्ग यांनी नीट मांडला, 1963 साली. 30 भाषा घेतल्या, त्यातून 45 नियम काढले, आणि नियम कसे, तर ‘हे असेल तर ते असतं’ अशा रूपाचे. वेल्शसारखं क्रियापद सगळ्यात पुढे असेल तर ‘मध्ये’, ‘वर’ असले शब्द नेहमीच नामाच्या आधी. क्रियापद आपल्यासारखं शेवटी असेल तर ते नामाच्या नंतर, पण इथे त्यांनी ‘नेहमी’ म्हटलं नाही, ‘बहुतेक’ म्हटलं, कारण फारसीसारखी भाषा आहे, क्रियापद शेवटी आणि तरी ‘घरात’ म्हणायचं तर ‘दर खाने’, म्हणजे ‘त’ आधी आणि घर नंतर.

पुढे 1992 मध्ये मॅथ्यू ड्रायर यांनी 625 भाषा तपासल्या, आणि ‘आणलेला इळा’वाली गोष्ट एकतर्फी निघाली. इंग्रजीसारखं कर्म क्रियापदाच्या नंतर असेल तर ‘जो आणला’ हा भाग जवळपास सगळीकडे नामाच्या नंतरच येतो, मोठा अपवाद चिनी. पण क्रियापद शेवटी असेल तर दोन्ही चालतं. आपल्याकडेच बघा ना, आजी लगेच पुढच्या शॉटमध्ये म्हणतात, ‘जो इळा काल आणला, तो वावरात हाये.’

असं का, याचं मला पटलेलं कारण ऐकणाऱ्याच्या डोक्यात आहे. ‘ठेवला’ आणि ‘इळा’ जवळ असले की जोडी पटकन जुळते. इंग्रजीत ‘ठेवला इळा’ आधीच जुळतं, लांबलचक ओळख मग निवांत मागून येते, काही अडत नाही. ओळख मध्ये घुसवली तर ‘ठेवला’ ऐकल्यावर इळ्यासाठी ताटकळत बसावं लागतं. आपल्याकडे मात्र दोन्हीकडून थोडा त्रास आहेच: ओळख आधी आली तर कोणाची ते कळायला वेळ लागतो, नामानंतर आली तर नाम आणि क्रियापद लांब जातात. म्हणून भाषा दोन्ही वाटा ठेवतात.

आणि ‘त’, ‘वर’ असले शब्द नामाच्या नंतर का? एक कारण आजीच्याच तोंडात सापडलं. ‘तुले सोडून कोनी नाई मले.’ हे ‘सोडून’ म्हणजे सोडणे या क्रियापदाचंच रूप. आपल्यात कर्म आधी, क्रियापद नंतर, म्हणून ‘तुले’ आधी आणि ‘सोडून’ नंतर. क्रियापद झिजत झिजत शब्दयोगी अव्यय झालं, जागा मात्र तीच राहिली.

आता मेळघाट. हा डोंगर, हा आठवडी बाजार, आणि इथे बोलली जाते ती कोरकू. कोरकूचे लांबचे नातेवाईक मेघालयात आहेत, खासी भाषा. खासीत क्रियापद कर्माच्या आधी आणि ‘घरात’ म्हणायचं तर ‘त’ आधी, घर नंतर. कोरकूत दोन्ही उलट, क्रियापद शेवटी आणि ‘त’सारखे प्रत्यय नामाच्या मागे. एकाच कुळातल्या दोन भाषा, पण प्रत्येकीत रांग आपल्या आपल्या जागी पक्की. बहुतेक अभ्यासक म्हणतात की बदलली ती कोरकूकडची बाजू, शेजाऱ्यांच्या संगतीत. एक जागा हलली आणि दुसरीही तिच्यासोबत गेली.

या बाजारातली पोरं आता आपसात मराठी, हिंदी जास्त बोलतात. या म्हाताऱ्या बाबांचं कोरकू बोलणं आम्ही चाळीस मिनिटं रेकॉर्ड केलं, त्यातलं हे शेवटचं वाक्य पूर्ण ऐका, क्रियापद येईपर्यंत.