कठड्याच्या बाहेरून

(पहाट. लांबच लांब लोखंडी रॅक, त्यावर एकेक सायकल अडकवली जाते आहे.)

ट्रायथलॉन, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं यांची सलग शर्यत. त्यासाठी सायकल अशी सीटवर टांगायची. तिच्या चाकाशेजारी टॉवेलाएवढी जागा मिळते, तेवढीच आपली. त्यात बूट, मोजे आणि नंबर लावलेला पट्टा. हेल्मेट हँडलवर उलटं ठेवलंय, बंद दोन्ही बाजूंना मोकळे सोडलेत. का, ते थोड्या वेळाने कळेल.

ही ट्रान्झिशनची जागा. पोहून आलेला माणूस इथे सायकल घेतो आणि सायकलवरून आलेला इथूनच पळायला निघतो. घड्याळ मात्र पोहायला उतरल्यापासून शेवटच्या रेषेपर्यंत चालूच असतं. मोजा उलटा निघाला तर तो वेळही धरला जातो.

१४२ नंबरच्या या बाई आज पहिल्यांदाच उतरताहेत. स्प्रिंट अंतर आहे: ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं. आत्ता त्या काय करताहेत बघा. पाण्याकडून येणाऱ्या दारापासून आपल्या रॅकपर्यंत चालत जाऊन ओळी मोजताहेत. ओल्या डोळ्यांनी परत येताना सगळ्या सायकली सारख्याच दिसतात.

नवरा आणि मुलगी कठड्याच्या बाहेर. मनगटावर स्पर्धकाचा पट्टा नसेल तर आत सोडत नाहीत, मग बॅग तुम्ही कितीही लांबून उचलून आणलेली असो.

(पाण्यावर रंगीत टोप्या.)

पोहणं आम्ही काठावरूनच टिपलंय, त्यामुळे टोप्याच दिसतील. प्रत्येक गटाच्या टोपीचा रंग वेगळा. घरच्यांनी एवढं लक्षात ठेवावं: आपलं माणूस सुरक्षा होडीला धरून थांबलेलं दिसलं, तर त्याची शर्यत संपली असं समजू नका. दम खायला थांबता येतं. होडीला धरून पुढे मात्र जायचं नाही.

(१४२ नंबर पळत ट्रान्झिशनमध्ये येतात.)

आता बघा. तिसरी ओळ, बरोबर. टोपी-गॉगल खाली टाकले, तेही आपल्याच जागेत. डोक्यावर हेल्मेट. हात सायकलला लागला आणि पंचांनी स्वतःच्या हनुवटीकडे बोट केलं.

हनुवटीखालचा बंद उघडा आहे.

क्रम ठरलेला आहे: आधी हेल्मेट, मग बंदाचा खटका, मगच सायकल रॅकवरून काढायची. परत आल्यावर याच्या उलट. सायकल रॅकवर लागेपर्यंत बंद सोडायचा नाही. मुरलेले खेळाडूही इथे चुकतात, कारण हात ओले असतात आणि खटका बारीक. म्हणून सकाळी हेल्मेट उलटं ठेवून बंद मोकळे सोडले होते. बाईंनी सायकल परत टेकवली, खटका लावला. ऐकू आला? आम्ही आवाज मुद्दाम ठेवलाय.

आणि नेमका इथेच कठड्यावरून एक हात पुढे येतो. चष्मा बॅगेतच राहिला होता, तो द्यायला. मुलगी हात मागे ओढते, "बाबा, नाही द्यायचं!" पोरगी नियम वाचून आली होती.

चष्मा असो, पाण्याची बाटली असो की टॉवेल, बाहेरच्याने दिलेली वस्तू ही मदतच धरली जाते. आयोजकांनी ठेवलेल्या केंद्रावरचं पाणी चालतं. तुम्ही आणलेलं, प्रेमाने गार केलेलं पाणी चालत नाही. दंड स्पर्धकाला होतो, वेळेचा किंवा थेट बाद होण्याचा.

ट्रान्झिशनमध्ये सायकलवर बसायचं नाही, ती हाताने ढकलत न्यायची. रस्त्यावरची ही जाड रेघ ओलांडून एक पाय जमिनीला टेकला, की मग स्वार व्हायचं. येताना रेघेच्या अलीकडेच उतरायचं. रेघेवर गर्दी होते, पडापडही होते. बाई शांतपणे चार पावलं पुढे जाऊन बसल्या, ते उत्तम.

रस्त्यावर आमचा कॅमेरा नव्हता. नवख्यांच्या बहुतेक स्पर्धांत दुसऱ्याच्या मागे चिकटून, वारा चुकवत सायकल चालवायला मनाई असते. म्हणून त्या एकट्याच येताना दिसतात.

(रॅक. सायकल टांगली जाते, मग हेल्मेट निघतं.)

सायकलवर असताना पाठीकडे असलेला नंबर आता पोटावर फिरवला. पहिली काही मिनिटं त्या अशाच अडखळत पळतील. सायकलवरून उतरल्यावर पाय आपले वाटत नाहीत, दुखापत झालेली नसते. हाका मारा, टाळ्या वाजवा. सोबत पळू नका. मुलीचा हात धरून शेवटची रेषा ओलांडायचीही अनेक स्पर्धांत बंदी आहे, ते आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

(शेवटची रेषा. निवेदन नाही.)

शेवटचा सायकलस्वार परत आल्याशिवाय सायकली सोडत नाहीत. फाटकावर पंच आधी सायकलवरचा नंबर बघतात, मग मनगटावरचा. १४२, १४२. सायकल बाहेर येते, आणि आता बाबांना हँडल धरता येतं. चष्मा अजून त्यांच्या दुसऱ्या हातातच आहे.